तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?

केस गळतात म्हणून त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलेल्या विशी-पंचविशीतल्या मुलामुलींना एक प्रश्न हमखास गोंधळात टाकतो. आपली कारणं त्यांनी मनाशी ठरवलेली असतात. पीजीतलं बोअरचं पाणी, नुकताच बदललेला शाम्पू, हेल्मेट, रात्रीची जागरणं. डॉक्टर यातलं काहीच आधी विचारत नाहीत. ते विचारतात, ‘‘तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं? ताप आला होता का? वजन कमी करत होतात का?’’

हा प्रश्न कशासाठी ते समजलं, तर केसगळतीबद्दलची निम्मी भीती कमी होते आणि बराच पैसाही वाचतो. तरुण वयात अचानक सुरू होणाऱ्या, धुताना हातात पुंजके येणाऱ्या गळतीचं कारण बहुतेक वेळा आजच्या बादलीत सापडत नाही. ते दोन-तीन महिने मागे घडून गेलेलं असतं.

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढत राहतो. मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ आवरते आणि पुढचे सुमारे तीन महिने तो नुसता जागेवर थांबून राहतो. या थांब्याच्या शेवटी तो गळतो आणि त्याच जागी नवा केस वर येतो. निरोगी डोक्यावर कोणत्याही दिवशी १०० पैकी ८५ ते ९० केस वाढत असतात आणि उरलेले थांबलेले असतात. आता हिशेब करून पाहा. एक लाखातले दहा टक्के, म्हणजे १०,००० केस थांबलेले आहेत आणि ते साधारण १०० दिवसांत गळणार आहेत. दिवसाला १०० केस झाले. रोज ५० ते १०० केस गळणं हा आजार नाही असं डॉक्टर सांगतात ते याच हिशेबानं.

शरीरावर मोठा आघात झाला की हा हिशेब बिघडतो. डेंग्यू, टायफॉइड, मलेरिया, कोविड, मोठं ऑपरेशन, बाळंतपण, किंवा महिनाभर जवळजवळ उपाशी राहून उतरवलेलं वजन. अशा वेळी वाढीला लागलेल्या केसांपैकी बरेच एकदम वाढ थांबवतात. दहाच्या जागी तीस टक्के केस थांबले असं धरा. पण ते त्या दिवशी गळत नाहीत. त्यांचा तीन महिन्यांचा मुक्काम व्हायचा असतो. ताप उतरतो, माणूस कामाला लागतो, आजारपण विसरून जातो आणि मग एके दिवशी दिवसाला ३०० केस गळायला लागतात. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ मध्ये या प्रकाराला ‘टेलोजन एफ्लुवियम’ हे नाव दिलं आणि आजही दवाखान्यात डॉक्टर कागदावर तेच लिहितात.

गळलेला केस उजेडात धरून पाहिला, तर एका टोकाला पांढरा, मोहरीहून कितीतरी बारीक ठिपका दिसतो. तो पाहून ‘केस मुळासकट आला’ म्हणून पुष्कळ जण हादरतात. खरं तर तो ठिपका म्हणजे मूळ नव्हे. थांबलेल्या केसाचं ते बोथट टोक आहे आणि ज्या पेशींतून केस उगवतो त्या टाळूतच सुरक्षित असतात. दुधाचा दात पडतो तेव्हा खालून नवा दात येत असतो, तसंच हे आहे. म्हणून या प्रकारात टक्कल पडत नाही. केस विरळ होतात, पोनी बारीक होते, पण टाळू उघडी पडण्याची वेळ सहसा येत नाही आणि कारण संपलं की तीन ते सहा महिन्यांत गळती ओसरते.

एक नेहमी दिसणारं उदाहरण घेऊ. लातूरची एक २४ वर्षांची मुलगी हिंजवडीत नोकरी करते, पीजीत राहते. सप्टेंबरच्या शेवटी तिला डेंग्यू झाला. सहा दिवस ताप, चार किलो वजन उतरलं, नंतरचे पंधरा दिवस तोंडाला चव नव्हती. दिवाळीला घरी गेली तेव्हा केस ठीक होते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात न्हाताना बोटांत गुंता आला. उशीवर, लॅपटॉपवर, डब्यात केस. पोनीच्या रबराला दोन वेढे पुरायचे, तिथे तीन लागायला लागले. आई फोनवर म्हणाली, ‘‘अगं, तेल लावत नाहीस तू, कसे राहतील केस!’’ मैत्रिणीनं बायोटिनच्या गोळ्या सुचवल्या. तिनं त्या सुरू केल्या, कांद्याचं तेल आणलं, शाम्पू बदलला, नळाला फिल्टर बसवला. गळती चालूच.

जानेवारीत ती त्वचारोगतज्ज्ञाकडे गेली. डॉक्टरांनी सप्टेंबरचा ताप विचारून काढला. मग भांग पाहिला. पुढे कपाळाजवळ आणि मागे डोक्याच्या मध्यावर तो सारखाच रुंद होता. नंतर पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरून मुळापासून टोकापर्यंत हलकेच ओढली. एरवी दोन-तीन केस हातात येतात, इथे आठ-नऊ आले. डोक्याच्या मागच्या भागातही तसंच झालं. आणि कपाळाच्या कडेला बोटभर लांबीचे, टोकदार, उभे राहिलेले नवे केस दिसत होते. तिला ते ‘तुटलेले’ वाटत होते. ते तुटलेले नव्हते, उगवलेले होते. तुटलेल्या केसाचं टोक झाडूसारखं पिंजारलेलं किंवा आडवं कापल्यासारखं असतं, नव्या केसाचं निमुळतं.

इथपर्यंतची गोष्ट फक्त डेंग्यूची असती, तर रक्त तपासायची गरज नव्हती. ‘थांबा, पोटभर जेवा, एप्रिलपर्यंत ओसरेल’ एवढं पुरलं असतं. पण डॉक्टरांनी आणखी दोन गोष्टी विचारल्या. पाळी किती दिवस? सात. पहिले तीन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलावा लागतो. जेवणानंतर चहा? रोज, दोन्ही वेळा. या उत्तरांनी तपासणीला कारण मिळालं. त्यांनी तीनच चाचण्या लिहिल्या: सीबीसी, फेरिटिन आणि टीएसएच. बायोटिनची गोळी आधी बंद करायला सांगितली, ती का ते पुढे येईल.

हिमोग्लोबिन आलं १२.२. ते चांगलं म्हणून ती खूश झाली. टीएसएच २.८, थायरॉइड व्यवस्थित. पण फेरिटिन ९. फेरिटिन म्हणजे शरीरात साठवलेलं लोह. शरीर आधी हा साठा वापरतं, तो संपत आला की मग हिमोग्लोबिन घसरायला लागतं. त्यामुळे नुसतं हिमोग्लोबिन पाहून ‘लोह भरपूर आहे’ म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांमध्ये १५ च्या खालच्या फेरिटिनला लोहाची कमतरता मानते, आणि केसांसाठी तो आकडा निदान ३०-४० च्या वर असावा असा बऱ्याच त्वचारोगतज्ज्ञांचा आग्रह असतो. साठा थोडा कमी असला, तर तेवढ्यानं केस गळतात का, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. पण ९ या आकड्याबद्दल वाद नाही. केसांचं काहीही असो, तो भरून काढलाच पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. हिमोग्लोबिन ठीक पण साठा रिकामा, अशा मुली त्या आकड्यात धरलेल्याही नाहीत.

तिला लोहाची गोळी दिली ती एक दिवसाआड. रोज घेण्यापेक्षा एक दिवस सोडून घेतलेल्या गोळीतलं लोह शरीर जास्त प्रमाणात शोषतं आणि मळमळ, बद्धकोष्ठताही कमी होते. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची. चहा, कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून निदान तास-दोन तासांचं अंतर ठेवायचं. शौचाला काळपट होते, त्याला घाबरायचं नाही. तीन महिन्यांनी फेरिटिन पुन्हा. आणि जास्त रक्तस्रावासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायचं, कारण साठा जिथून गळतोय ती जागा बंद केली नाही, तर वर्षभरात आकडा पुन्हा तिथेच येतो. मार्चअखेर तिची गळती उतरणीला लागते. पोनी मात्र लगेच जाड होत नाही. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. जानेवारीत उगवलेला केस पुढच्या दिवाळीला जेमतेम दहा सेंटिमीटरचा असतो. उपचार लागू पडत असतानाही ‘काही फरक नाही’ असं वाटण्याचा हा काळ असतो आणि नेमक्या याच काळात माणसं डॉक्टर बदलतात.

रक्ततपासणी कधी करावी, याचं उत्तर या उदाहरणात बरंचसं आलं आहे. गळती सुरू होण्याआधी दोन-तीन महिन्यांत ठळक कारण सापडत असेल, माणूस एरवी ठणठणीत असेल आणि गळतीला तीन-चार महिनेच झाले असतील, तर तपासणीशिवाय थांबायला हरकत नाही. कारण काहीच सापडत नसेल, गळती सहा महिन्यांच्या पुढे गेली असेल, पाळीत रक्तस्राव जास्त असेल, दम लागत असेल, वजन आपोआप वाढत किंवा उतरत असेल, थंडी सहन होत नसेल, घरात थायरॉइड असेल, खाणं फार मोजकं असेल, तर तपासणी करावी. आणि ती लहान ठेवावी. सीबीसी, फेरिटिन, टीएसएच. काटेकोर शाकाहारी असाल, त्यातही दूधदही कमी असेल, तर बी-१२ त्यात घालावं. बी-१२ आणि ड जीवनसत्त्व आपल्याकडे पुष्कळांचं कमी निघतं आणि ते भरून काढणं योग्यच आहे. पण त्यांचा केसगळतीशी असलेला संबंध लोक समजतात तेवढा पक्का नाही. ड जीवनसत्त्वाचं ६०,००० युनिटचं पाकीट डॉक्टरांनी ठरवलेल्या आठवड्यांपलीकडे घेत राहिलं, तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर ताण येतो.

मुलीची पाळी अनियमित असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील, मुरुमं हटत नसतील, तर पीसीओडीचा विचार करून टेस्टोस्टेरॉनसारख्या संप्रेरकांची तपासणी करतात. तरुण मुलाच्या कपाळाचे कोपरे मागे सरकत असतील, तर त्याला या तपासणीची गरज नसते. त्याचं टेस्टोस्टेरॉन नेहमीइतकंच असतं. असं असूनही लॅबच्या ‘हेअर फॉल पॅकेज’मध्ये वीस-पंचवीस चाचण्या एका दमात होतात, त्यातली एखादी कडेला निघते आणि तिच्यामागे औषधं सुरू होतात.

तपासणीची वेळही महत्त्वाची आहे. ताप किंवा संसर्ग चालू असताना फेरिटिन आपोआप चढतं, कारण सूज आली की शरीर लोह साठ्यात अडवून ठेवतं. डेंग्यूच्या आठवड्यात आलेलं ‘उत्तम’ फेरिटिन म्हणून फसवं असतं. आजारातून उठल्यावर महिना-दीड महिन्यानं केलेली तपासणी खरं सांगते. लोहाच्या गोळ्या अंदाजानं सुरू करणंही बरं नव्हे. थॅलेसेमिया मायनर असलेल्या माणसाचं हिमोग्लोबिन जन्मापासून थोडं कमी असतं, लोह मात्र पुरेसं असतं. त्याला वर्षानुवर्षं लोह देऊन काही मिळत नाही, उलट ते शरीरात साचतं.

आता बायोटिनबद्दल. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम बायोटिन लागतं आणि ते अंडी, दाणे, डाळींतून मिळून जातं. खरी कमतरता फार विरळा. दुकानातली केसांची गोळी मात्र बऱ्याचदा १० मिलिग्रॅमची असते, म्हणजे गरजेच्या तीनशेपटीहून जास्त. निरोगी माणसाचे केस तिनं वाढतात याला भक्कम पुरावा नाही. तोटा मात्र पक्का आहे. रक्ताच्या अनेक चाचण्यांत बायोटिनचाच वापर केलेला असतो आणि रक्तात ते जास्त असलं, तर यंत्राचा आकडा चुकतो. टीएसएच खोटंच कमी आणि थायरॉइडची संप्रेरकं खोटीच जास्त दिसू शकतात, म्हणजे थायरॉइड वाढल्याचा आभास. हृदयविकाराच्या झटक्यासाठी करतात ती ट्रोपोनिन चाचणीही खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. म्हणून रक्त देण्याआधी निदान तीन दिवस ही गोळी बंद ठेवावी, डोस मोठा असेल तर डॉक्टरांना विचारून आणखी आधी, आणि लॅबमध्ये तसं सांगावं.

‘जीवनसत्त्वंच आहेत, जास्त झाली तर बिघडतं काय?’ या प्रश्नाला बुलढाणा जिल्ह्यानं उत्तर दिलं आहे. २०२४ संपता संपता शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. डोकं खाजायचं आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचं. त्यांत कॉलेजात जाणाऱ्या मुलीही होत्या. त्यांचं शिक्षण थांबलं, ठरत आलेली लग्नं अडली. आधी संशय पाण्यावर गेला, मग बुरशीवर. विंचूदंशावरच्या उपचारांसाठी ओळखले जाणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिथे जाऊन नमुने तपासून घेतले. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम फार वाढलेलं निघालं आणि त्यांनी बोट दाखवलं ते रेशनवर आलेल्या गव्हाकडे. सेलेनियम शरीराला लागतं, पण अत्यल्प. ते वाढलं की केस आणि नखं गळतात. ‘अ’ जीवनसत्त्वाचंही तसंच आहे. आणि केसांसाठी विकल्या जाणाऱ्या बहुतेक मल्टिव्हिटॅमिन गोळ्यांत हे दोन्ही घटक असतात. दोन-तीन कंपन्यांच्या गोळ्या एकत्र घेणाऱ्यांनी डब्यांवरचे आकडे एकदा बेरीज करून पाहावेत.

इथवर बोललो ते गळणाऱ्या केसांबद्दल. तरुण वयात दुसरा प्रकार तेवढाच आढळतो आणि त्यात केस गळण्यापेक्षा बारीक होत जातात. हे आनुवंशिक टक्कल. टेस्टोस्टेरॉनपासून तयार होणाऱ्या डीएचटी या संप्रेरकाला काही जणांच्या केसांची मुळं जन्मजात संवेदनशील असतात. दर फेरीला तिथून उगवणारा केस आधीपेक्षा बारीक आणि आखूड होतो आणि शेवटी लव उरते. मुलांमध्ये कपाळाचे कोपरे आणि डोक्याचा घेर, मुलींमध्ये भांग रुंदावत जाणं, ही त्याची खूण. मुलींची कपाळावरची केसांची रेषा सहसा जागेवर राहते. हा वारसा आईकडून येतो, वडिलांकडून नाही, असं लोक सांगतात. तो दोन्हीकडून येतो. आणि हेल्मेटनं टक्कल पडत नाही. हेल्मेट जरूर घाला.

दोन्हींतला फरक घरी ताडून पाहायचा एक उपाय आहे, तो लांब केसांवरच चालतो. पाच दिवस केस धुऊ नका. मग बेसिनच्या भोकावर पातळ मलमलीचं कापड पसरून तिथेच शाम्पूनं धुवा आणि कापडावरचे सगळे केस वाळवून मोजा. शंभराहून पुष्कळ जास्त आणि बहुतेक लांब असतील, तर गळती तात्पुरत्या प्रकारची. एकूण केस शंभराच्या आत, पण त्यांत तीन सेंटिमीटरहून आखूड केस दहा टक्क्यांहून अधिक असतील, तर आनुवंशिक टक्कल असण्याचा संभव. कधी दोन्ही एकत्र असतात. तापानंतरच्या गळतीनं आधीपासून हळूहळू चाललेलं टक्कल उघड होतं आणि मग सहा महिने थांबूनही केस पूर्ववत होत नाहीत. अशा वेळी थांबत राहणं नुकसानीचं.

आनुवंशिक टक्कलावर पुराव्यानिशी काम करणारं, चिठ्ठीत सगळ्यांत आधी येणारं औषध म्हणजे मिनॉक्सिडिल. मुळात ते रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढलेले दिसले, त्यातून टाळूला लावायचं द्रावण आलं. पुरुषांना ५ टक्क्यांचं एक मिलिलिटर दिवसातून दोनदा, कोरड्या टाळूवर, केसांवर नव्हे. स्त्रियांना डॉक्टर मात्रा ठरवून देतात आणि गरोदरपणात ते वापरत नाहीत. पहिल्या दोन-आठ आठवड्यांत केस जास्त गळतात, कारण थांबलेल्या केसांना ते लवकर बाहेर काढतं. निम्मे लोक इथेच घाबरून बाटली टाकून देतात. खरा फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात. सोडलं की तीन-चार महिन्यांत मिळवलेलं परत जातं, म्हणून सुरू करतानाच मनाची तयारी हवी. घरात मांजर असेल, तर फार सांभाळा. मांजराला या औषधाचे चार थेंबही जिवावर बेततात. हात धुवा, उशीचा अभ्रा बदला.

पुरुषांसाठी फिनास्टेराइड ही १ मिलिग्रॅमची गोळी आहे. अमेरिकेत ती केसांसाठी १९९७ मध्ये मंजूर झाली. ती डीएचटी कमी करते आणि टक्कल पुढे सरकणं बऱ्याच जणांत थांबवते. थोड्या पुरुषांत लैंगिक इच्छा कमी होते, काहींची मनःस्थिती खालावते. म्हणून ती डॉक्टरांशी मोकळेपणानं बोलूनच घ्यावी, मित्राच्या डबीतून नव्हे. गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर रक्तदान करत नाहीत, कारण ते रक्त गरोदर स्त्रीला दिलं गेलं तर मुलग्याच्या गर्भाला धोका असतो. जिममध्ये अंग भरायला अ‍ॅनाबोलिक स्टेरॉइडची इंजेक्शनं घेणाऱ्यांचं टक्कल मात्र झपाट्यानं वाढतं. तिथे कोणताही उपचार पुरा पडत नाही.

पाणी आणि तेलाचं थोडक्यात सांगतो. बोअरच्या जड पाण्यानं केस खरखरीत होतात, गुंततात, तुटतात. त्यानं मुळापासून केस गळत नाहीत. फिल्टरला पैसे घालण्याआधी गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरा ठिपका आहे का पाहा. ठिपका असेल, तर पाण्याचा दोष नाही. खोबरेल तेल चांगलंच आहे. ते केसात मुरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं, असं मुंबईतल्या तेल बनवणाऱ्या कंपनीच्याच संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं होतं. धुण्याआधी तासभर लावावं. त्यानं तुटणं कमी होतं, उगवणं वाढत नाही. जास्वंद, माका, कढीपत्ता घातलेल्या तेलाकडूनही एवढीच अपेक्षा ठेवावी. कोंडा असेल, तर रात्रभर तेल ठेवू नये, त्यावर बुरशी पोसते. कीटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा लावून पाच मिनिटं ठेवावा.

जेवणाचं मात्र थोडं सविस्तर पाहायला हवं, कारण मेसचा डबा इथे कमी पडतो. ५५ किलोच्या माणसाला रोज निदान ४५ ते ५५ ग्रॅम प्रथिनं लागतात. चार पोळ्यांतून दहा-बारा ग्रॅम येतात, वाटीभर पातळ वरणातून चार-पाच, बटाट्याच्या भाजीतून जवळजवळ काही नाही. दोन्ही वेळा हाच डबा आणि सकाळी चहा-बिस्कीट, म्हणजे पस्तिशीच्या आसपास गाडी थांबते. दोन अंडी बारा ग्रॅम, वाटीभर मोड आलेल्या मटकीची उसळ सात-आठ, पेलाभर दूध सहा-सात, मूठभर भाजलेले शेंगदाणे सात. यांतल्या कोणत्याही दोन गोष्टी रोज जोडल्या की प्रश्न मिटतो. लग्नाआधी दोन महिन्यांत बारा किलो उतरवायचं डाएट करणाऱ्यांनी तारखा मांडून पाहाव्यात. त्यांची गळती ऐन लग्नाच्या आठवड्यात सुरू होते. आठवड्याला अर्धा किलो, फार तर किलो, या वेगानं उतरलेलं वजन केसांना सोसतं.

काही वेळा मात्र थांबायचं नाही, मोजायचं नाही, सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचं. रुपयाएवढा गोल, गुळगुळीत चट्टा पडला म्हणजे चाई. त्यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच केसांच्या मुळांवर हल्ला करते. ती किडा लागून होत नाही, लसूण चोळून जात नाही, पण लवकर दाखवलं तर टाळूत इंजेक्शन देऊन बहुतेकदा आटोक्यात येते. टाळू लाल होणं, दुखणं, पू येणं किंवा चकचकीत होऊन केसांची छिद्रंच दिसेनाशी होणं, ही त्याहून तातडीची लक्षणं. तिथे व्रण होऊन मुळं कायमची जात असतात आणि प्रत्येक महिना मोजावा लागतो. बाळंतिणीची गळती याउलट. बाळ दोन-चार महिन्यांचं असताना सुरू होते, बहुधा पहिल्या वाढदिवसापर्यंत थांबते. अळिवाचे लाडू जरूर खावेत, त्यांत लोह चांगलं असतं. फार थकवा असेल तर टीएसएच करून घ्यावं.

त्वचारोगतज्ज्ञाकडे जाल तेव्हा वर्षभरापूर्वीचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा, जुने रिपोर्ट घ्या आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक आणि जिममधल्या धरून, पिशवीत घालून न्या. मुरुमांची आयसोट्रेटिनॉइन, फिटची व्हॅलप्रोएट, नुकतीच थांबवलेली गर्भनिरोधक गोळी, यांनीही केस गळतात. मुलींनी पाळीच्या तारखा लिहून न्याव्यात. त्या दिवशी केसांना तेल लावू नका आणि आदल्या दिवशी धुऊ नका, नाहीतर केस ओढून पाहायची तपासणी चुकते. खासगी फी परवडत नसेल, तर जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग ओपीडीत केसपेपर काढा. तपासणारे तज्ज्ञ तिथे असतात आणि सीबीसी, टीएसएच बहुतेक ठिकाणी तिथेच होतात.